झाकलेला चेहरा आणि बदललेला चेहरा

रस्त्यावर, बाजारात, मोर्चात किंवा टँकरभोवती टिपलेल्या छायाचित्रात जे लोक सहज आले आहेत, त्यांचे चेहरे धूसर करण्याऐवजी संगणकाने तयार केलेले, जगात कुणाचेच नसलेले चेहरे त्यांच्या जागी बसवावेत, अशी सूचना आता आपल्याकडच्या पत्रकारांच्या आणि स्वयंसेवी संस्थांच्या बैठकांतही होऊ लागली आहे. तिच्यावर जो वाद चालतो तो मात्र फार वरवरचा आहे. एक बाजू म्हणते की चेहरा ओळखू येत नाही ना, मग प्रश्न मिटला. दुसरी बाजू म्हणते की कृत्रिम बुद्धिमत्तेने केलेले म्हणजे खोटे, आणि खोटे म्हणजे त्याज्य. पहिली बाजू छायाचित्राकडे फक्त गुपित जपण्याची वस्तू म्हणून पाहते आणि दुसरी बाजू साधनालाच गुन्हेगार ठरवून मोकळी होते. छायाचित्र ज्याच्यापुढे जाणार आहे त्या वाचकाला, तहसीलदाराला किंवा न्यायालयाला त्यात काय बदलले आहे हे कळणार आहे की नाही, हा खरा प्रश्न दोघेही विचारत नाहीत.

माझी भूमिका सुरुवातीलाच सांगतो. यंत्रांना शिकवण्यासाठी लागणाऱ्या चित्रसंग्रहात चेहरे बदलण्याला माझा विरोध नाही. तिथे तो बहुधा योग्यच मार्ग आहे. पण जे छायाचित्र काही घडल्याची साक्ष म्हणून लोकांपुढे ठेवले जाते, त्यात आजूबाजूच्या माणसांचे चेहरे कुणाला कळणार नाही अशा सफाईने बदलू नयेत. झाकायचेच असेल तर झाकल्याचे दिसेल असे झाकावे, आणि काही कारणाने बदलावेच लागले तर बदल खुद्द चित्रातच ओळखू यावा.

विरोधी बाजूचे म्हणणे हलके नाही, म्हणून ते आधी नीट मांडले पाहिजे. धूसर करणे वाटते तितके सुरक्षित नसते. 2007 साली इंटरपोलने एका बाल-अत्याचाऱ्याची छायाचित्रे जगापुढे ठेवली. त्याने स्वतःचा चेहरा भोवऱ्यासारखा पिळून टाकला होता. जर्मन पोलिसांच्या तज्ज्ञांनी तो पीळ उलटा फिरवून चेहरा परत मिळवला आणि काही दिवसांतच तो माणूस थायलंडमध्ये पकडला गेला. तिथे पकडला गेलेला माणूस गुन्हेगार होता म्हणून आपल्याला समाधान वाटते, पण हीच युक्ती एखाद्या साक्षीदारावर चालली तर? पिळण्याने माहिती नष्ट होत नाही, ती फक्त जागा बदलते. सौम्य धूसरपणा आणि मोठ्या चौकोनांची जाळी यांत माहिती खरोखरच कमी होते, पण सगळी जात नाही. 2016 मध्ये टेक्सास विद्यापीठ आणि कॉर्नेल टेक इथल्या संशोधकांनी दाखवून दिले की माणसाच्या डोळ्यांना अजिबात न ओळखू येणारे असे चेहरे न्यूरल नेटवर्कला, म्हणजे उदाहरणांवरून शिकणाऱ्या संगणकीय प्रणालीला, बऱ्याच वेळा ओळखता येतात. यातली एक अट नेहमी विसरली जाते. ते नेटवर्क धूसर चेहऱ्यातून मूळ चेहरा काढत नव्हते. आधीच ठाऊक असलेल्या माणसांच्या यादीतून हा कोण, एवढेच निवडत होते. मुंबईच्या गर्दीत ही अट दिलासा देणारी आहे. दोनशे उंबऱ्यांच्या गावात ती अजिबात दिलासा देत नाही, कारण तिथे यादी आधीच सगळ्यांना पाठ असते.

दुसरा मुद्दा प्रतिष्ठेचा आहे, आणि तो मला पहिल्यापेक्षा वजनदार वाटतो. आपल्या वाचकाच्या डोळ्याला धूसर चेहऱ्याची एक वाईट सवय लागली आहे. पोलीस ज्याला बुरखा घालून उभे करतात तो आरोपी, किंवा जिची ओळख कायद्याने उघड करता येत नाही ती पीडिता, असेच चेहरे तो वर्षानुवर्षे झाकलेले पाहत आला आहे. त्यामुळे रेशनच्या रांगेतल्या दहा बायकांचे चेहरे धूसर केले की त्या दहाजणी काहीतरी लपवत असल्यासारख्या दिसतात. शिवाय चेहरा गेला की त्याच्यावरचा थकवा, राग, कंटाळाही जातो, आणि ते छायाचित्र काढण्याचे कारणच बहुधा तो थकवा असते. कृत्रिम चेहऱ्याचे समर्थक म्हणतात की आम्ही माणसाला निदान माणूस म्हणून तरी दाखवतो. यावर फक्त “ते खोटे आहे” एवढे म्हणून चालणार नाही.

पण हे समर्थक ज्या साधनाचे नाव घेतात ते साधन प्रत्यक्षात काय करते, हे पाहिले की त्यांच्या दुसऱ्या मुद्द्यातली हवा बरीचशी निघून जाते. या प्रकारातले एक सुपरिचित साधन नॉर्वेतल्या त्रोंडहाइमच्या विद्यापीठात 2019 मध्ये तयार झाले. त्याची पद्धत सरळ आहे. आधी चित्रातले चेहरे शोधायचे. प्रत्येक चेहऱ्यासाठी दोन डोळे, नाक, दोन कान आणि दोन खांदे अशा सात खुणांच्या जागा टिपायच्या. मग चेहऱ्याचा भाग पूर्ण पुसून टाकायचा, आणि उरलेली पार्श्वभूमी व त्या सात खुणा एवढ्याच आधारावर नेटवर्ककडून रिकाम्या जागेत नवा चेहरा भरून घ्यायचा. नेटवर्कला मूळ चेहरा कधीच दाखवला जात नाही, म्हणून त्या चेहऱ्याचा अंशही नव्या चेहऱ्यात उतरू शकत नाही. खासगीपणाच्या दृष्टीने ही या पद्धतीची मोठी जमेची बाजू आहे. पण त्याच कारणाने चेहऱ्यावरचा भावही नव्या चेहऱ्यात उतरू शकत नाही. मान कुठे वळली आहे हे राहते. ती वळलेली मान रडत होती की हसत होती हे जाते. त्या जागी नेटवर्क जो भाव भरते तो त्याने शिकताना पाहिलेल्या सुमारे पंधरा लाख चेहऱ्यांवरून आलेला असतो, आणि ते चेहरे लोकांनी फ्लिकर या संकेतस्थळावर स्वतःहून टाकलेल्या छायाचित्रांतून घेतलेले होते. माणसे असे फोटो केव्हा काढतात? सहलीला, लग्नात, वाढदिवसाला. मूळ भाव जपणाऱ्या पद्धतीही आहेत, पण भाव जपायचा तर मूळ चेहरा यंत्राला दाखवावा लागतो, आणि जितका जास्त दाखवावा तितका तो मागे उरण्याचा धोका वाढतो.

आता हे आपल्या भागातल्या एका छायाचित्रावर लावून पाहू. समजा आष्टी किंवा भूम तालुक्यातल्या एखाद्या वाडीवर मे महिन्यात टँकर आला आहे. टँकरचे पाणी थेट विहिरीत सोडले आहे, आणि काठावर हंडे, कळश्या, प्लॅस्टिकच्या घागरी घेऊन माणसांची दाटी झाली आहे. चित्रात चौदा चेहरे आहेत. बातमी अशी की कागदावर दिवसाला तीन खेपा मंजूर आहेत आणि प्रत्यक्षात एकच होते. संपादकाला काळजी वाटते, आणि ती योग्यच आहे, की या बायका उद्या सरपंचाच्या, टँकरच्या ठेकेदाराच्या रोषाला बळी पडतील. म्हणून तो चित्र साधनातून काढतो.

चेहरे शोधणाऱ्या भागाला समजा अकरा चेहरे सापडतात. राहिलेल्या तिघांपैकी एकीने पदर नाकापर्यंत ओढला आहे, एक विहिरीत डोकावत असल्याने फक्त कानामागची बाजू दिसते आहे, आणि टँकरच्या चाकामागे उभा असलेला पोरगा चित्रात फारच लहान आहे. ही कल्पनेतली अडचण नव्हे. तिरपे, झाकलेले आणि लहान चेहरे सुटणे हा या शोधक प्रणालींचा जुना दोष आहे. आता हाच दोष धूसर केलेल्या चित्रात आणि चेहरे बदललेल्या चित्रात कसा वेगळा वागतो ते पाहा. चौदांपैकी अकरा चेहरे धूसर आणि तीन स्वच्छ असतील तर उपसंपादकाच्या डोळ्यात ते तीन लगेच खुपतात आणि छापण्याआधी दुरुस्ती होते. चेहरे बदललेल्या चित्रात चौदाही चेहरे सारखेच स्वच्छ दिसतात. मूळ चित्र शेजारी ठेवून एकेक चेहरा ताडून पाहिल्याशिवाय कोणते तीन खरे राहिले हे सांगता येत नाही, आणि घाईच्या कामात तसे कुणी ताडून पाहत नाही. म्हणजे जी पद्धत जास्त सुरक्षित म्हणून निवडली, तिचे अपयश डोळ्याआड होते. झाकायचे राहून गेलेला चेहरा छापून येतो, आणि छापणाऱ्याला वाटते की आपण सगळ्यांना वाचवले.

चित्रात पुढे, दोरी ओढणारी साठीची बाई आहे; कपाळावर गोंदण, गालफडे बसलेली, ओठ घट्ट मिटलेले. तिच्या जागी आलेला चेहरा चाळिशीचा, गुळगुळीत कातडीचा आणि किंचित हसरा आहे. हात मात्र तिचेच आहेत, शिरा फुगलेले. गोंदण गेले, वय गेले, ओठ मिटण्यातला राग गेला. प्रतिष्ठा जपण्याच्या नावाखाली आपण तिला दुसऱ्याच कुणाचे समाधान चिकटवले. 2020 मध्ये अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठातल्या संशोधकांनी चौकोनी जाळी झालेल्या चेहऱ्यातून स्पष्ट चेहरा बनवणारे साधन प्रसिद्ध केले, तेव्हा बराक ओबामा यांच्या जाळीदार छायाचित्रातून एक गोरा माणूस बाहेर आला होता. यंत्राकडे ज्या चेहऱ्यांचा साठा भरपूर असतो, मोकळी जागा दिसताच ते त्याच साठ्याकडे झुकते. आपल्या ऊसतोड बाईच्या उन्हाने रापलेल्या चेहऱ्याचा साठा त्याच्याकडे किती असेल? धूसर चेहरा तिच्याविषयी काहीच सांगत नाही, हे खरे. पण तो चुकीचेही काही सांगत नाही.

हे चित्र छापून आल्यावर ज्यांच्याविरुद्ध ते आहे त्यांचे काम फार सोपे होते. गटविकास अधिकाऱ्याने गावकऱ्यांना बोलावून विचारावे: यातले कोण तुमच्या वाडीचे आहे? कुणीच नाही. मग हे चित्र आमच्या तालुक्यातले कशावरून? विहीर खरी आहे, टँकरचा क्रमांक खरा आहे, सावल्या खऱ्या आहेत, पण ज्या माणसांनी पाणी मिळाले नाही असे म्हणायचे त्यांतले एकही माणूस अस्तित्वात नाही. खेपांच्या नोंदवहीत सह्या आहेत, आणि छायाचित्रात मात्र कुणाचेच नसलेले चेहरे. त्या दोन्हींपैकी कागदालाच वजन मिळणार. दोरी ओढणारी ती बाई स्वतः पुढे येऊन “ती मीच” म्हणाली, तरी चित्र तिच्या विरुद्ध साक्ष देते. धूसर चित्रात ती आपल्या लुगड्यावरून, उभे राहण्याच्या पद्धतीवरून, शेजारच्या हंड्यावरून आपली जागा दाखवू शकली असती. चित्राने तिला नाकारले नसते, फक्त गप्प राहिले असते.

यावर असे उत्तर दिले जाते की बदल केल्याची सूचना चित्राखाली द्यावी, किंवा फाइलच्या आत नोंदवावी. सूचना द्यावीच, पण ती पुरेशी नाही. फाइलच्या आत लिहिलेली माहिती व्हॉट्सअॅपवर चित्र पाठवले की बहुधा गळून पडते, आणि बीड-लातूरकडे बातमीचे चित्र जितक्या लोकांनी वर्तमानपत्रात पाहिले असेल त्याच्या कितीतरी पट लोकांनी ते व्हॉट्सअॅपवर पाहिलेले असते. चित्राखालची ओळ तर पहिल्याच स्क्रीनशॉटला कापली जाते. केंद्र सरकारने ऑक्टोबर 2025 मध्ये माहिती तंत्रज्ञान नियमांच्या दुरुस्तीचा जो मसुदा मांडला, त्यात कृत्रिमरीत्या तयार केलेल्या चित्रावर निदान दहा टक्के जागा व्यापणारी खूण असावी असे सुचवले होते. दहा टक्क्यांचा आकडा बोजड आहे, आणि त्यावर टीकाही झाली. पण खूण चित्राच्या आत असावी, बाहेर नको, ही त्यामागची समज मला पटते. धूसर पट्टा हीच मुळात अशी खूण आहे. ती कापता येत नाही, कुठेही गेली तरी चित्राबरोबर जाते, आणि तिचा अर्थ शाळेत न गेलेल्या माणसालाही कळतो.

बदललेला भाग ओळखू आला पाहिजे हे तत्त्व तंत्रज्ञानाच्या जगात नवे वाटते, पण आपल्या दारात ते फार जुने आहे. अजिंठ्याच्या लेण्यांत भिंतीवरचा चित्रांचा थर ठिकठिकाणी गळून गेलेला आहे. निजाम सरकारने 1920 ते 1922 या काळात चेक्कोनी आणि ओर्सिनी या इटालियन तज्ज्ञांना बोलावून तिथले काम करवले. सुटू पाहणाऱ्या गिलाव्याच्या कडा पक्क्या केल्या गेल्या, चित्रांवर लाखेचा थर दिला गेला. तो थर पुढे पिवळा पडला आणि नंतरच्या पिढ्यांना तो काढत बसावे लागले, म्हणजे त्या कामाला दोष देण्याजोगे होतेच. तरीही एक गोष्ट त्यांनी केली नाही आणि नंतरच्या पुरातत्त्व खात्यानेही केली नाही: जिथे चेहरा गेला होता तिथे स्वतःच्या मनाने नवा चेहरा रंगवला नाही. सोळाव्या किंवा सतराव्या लेणीत उभे राहून पाहिले तर एखाद्या आकृतीचा खांदा आहे, दागिना आहे, आणि चेहऱ्याच्या जागी साधा गिलावा आहे. अजिंठ्याच्या शैलीत हुबेहूब चेहरा काढून देणारे हात त्या काळीही मिळाले असते. त्या चित्रांच्या नकला करण्यात कलावंतांनी वर्षे घालवली होती. पर्यटकाला ते अधिक सुंदरही वाटले असते. पण मग सहाव्या शतकापूर्वीचे काय आणि विसाव्या शतकातले काय, हे सांगणे कायमचे अवघड झाले असते.

जुन्या वास्तूंच्या जतनाविषयीच्या 1964 च्या आंतरराष्ट्रीय व्हेनिस सनदेने हेच नियम म्हणून मांडले. तिच्या बाराव्या कलमाचा आशय असा की हरवलेल्या भागाच्या जागी बसवलेला भाग एकूण रचनेशी जुळणारा असावा, परंतु मुळापासून वेगळा ओळखू यावा, म्हणजे जीर्णोद्धारामुळे कलेचा किंवा इतिहासाचा पुरावा खोटा ठरणार नाही. रोमच्या संवर्धन संस्थेत गेल्या शतकात यासाठी एक सुंदर उपाय निघाला: गळालेली जागा बारीक उभ्या रेघांनी भरायची. लांबून चित्र सलग दिसते, जवळ गेले की रेघा दिसतात आणि हे नंतरचे काम आहे हे कळते. चेहरे बदलण्याच्या साधनांना मला एवढेच विचारायचे आहे, की तुमच्या रेघा कुठे आहेत?

या प्रश्नाला एका माहितीपटाने उत्तर दिलेले आहे, आणि ते नेमके विरोधी बाजूच्या सर्वांत चांगल्या उदाहरणातून येते. 2020 मधल्या ‘वेलकम टू चेचन्या’ या माहितीपटात रशियातल्या चेचन्यातून जीव वाचवून पळणाऱ्या समलिंगी माणसांचे चेहरे बदललेले आहेत. पण तिथे चेहरे हवेतून आलेले नाहीत. ते स्वेच्छेने पुढे आलेल्या खऱ्या माणसांचे आहेत, आणि त्यांवरचे भाव मूळ माणसाचेच आहेत. ज्यांचे चेहरे बदलले त्यांना ते माहीत होते. प्रेक्षकाला सुरुवातीलाच सांगितले आहे, आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे बदललेल्या चेहऱ्यांच्या कडा जाणून-बुजून किंचित मऊ ठेवल्या आहेत, जेणेकरून प्रत्येक दृश्यात ते डोळ्याला जाणवावे. हा त्या संवर्धकांच्या रेघांचाच न्याय झाला. हे उदाहरण देऊन कुणी सफाईदार, न कळणाऱ्या बदलाचे समर्थन करत असेल तर त्याने ते नीट पाहिलेले नाही. आणि टँकरभोवतीच्या बायकांची गोष्ट आणखी वेगळी आहे. त्यांना कुणी विचारलेले नाही, त्यांच्या भावांची नक्कल करण्याइतका वेळ आणि पैसा जिल्हा पातळीवरच्या वर्तमानपत्राकडे नाही, आणि ज्याला आपण साधन म्हणतो ते एका बटणावर चालणारे आहे.

कुणी म्हणेल की फोटोत फेरफार करणे आपल्याला काही नवे नाही. खरे आहे. तालुक्याच्या गावातल्या जुन्या फोटो स्टुडिओत निवडणूक ओळखपत्रावरचा टिकलीएवढा फोटो मोठा करून गेलेल्या आजोबांना कोट आणि टाय चढवून देत असत, आणि तो फोटो अजूनही कित्येक घरांत हार घालून टांगलेला आहे. पण त्या कोटाने कुणाची फसवणूक केली? आजोबांनी जन्मात कोट घातला नव्हता हे घरातल्या प्रत्येकाला ठाऊक होते. दुसरे टोक स्टालिनच्या रशियाचे आहे. मॉस्को कालव्याच्या काठावर स्टालिनशेजारी चालणारा त्याच्या गुप्त पोलिसांचा प्रमुख येझोव 1940 मध्ये गोळी घालून मारला गेल्यावर छायाचित्रातूनही नाहीसा झाला आणि त्याच्या जागी पाणी आले. हेतू अर्थातच आभाळ-जमिनीएवढे वेगळे आहेत. बायकांना वाचवू पाहणाऱ्या संपादकाला मी स्टालिनच्या रांगेत बसवत नाही. पण चित्र पाहणाऱ्याच्या जागेवरून पाहिले तर हेतू दिसत नसतो. त्याला सलग चित्र दिसते. चांगल्या हेतूने केलेल्या अदृश्य बदलांची त्याला सवय झाली, की वाईट हेतूचा बदलही त्याच सवयीच्या आडून जातो, आणि उलट, खरे चित्रही “हल्ली सगळेच चेहरे बनवलेले असतात” या एका वाक्याने उडवून लावता येते. अमेरिकी कायदेपंडितांनी याला खोटारड्याला मिळणारा लाभांश म्हटले आहे. आपल्याकडे तो लाभांश कुणाच्या खात्यावर जमा होईल, हे सांगायला पंडित नको.

आणखी एक धोका आहे. “कुणाचाच नसलेला” चेहरा कुणासारखाच दिसणार नाही याची हमी कोण देणार? चेहरा ओळखणारी यंत्रणा दोन चेहरे किती जुळतात याचा आकडा देते आणि ठरावीक आकड्याच्या वर गेले की जुळले म्हणते. 2022 मध्ये माहिती अधिकारात दिलेल्या उत्तरात दिल्ली पोलिसांनी सांगितले होते की ऐंशी टक्के साम्य ते जुळणी म्हणून धरतात. समजा एखादी यंत्रणा इतकी चांगली आहे की लाख तुलनांत एकदाच चुकते. मराठवाड्याची 2011 च्या जनगणनेतली लोकसंख्या सुमारे 1 कोटी 87 लाख होती. एक चेहरा एवढ्या सगळ्यांशी ताडून पाहिला तर त्या एका चुकीच्या हिशोबाने 187 माणसे पुढे येतात. खऱ्या माणसाच्या छायाचित्राबाबतही हे होते, पण तिथे निदान त्या गर्दीत खरा माणूस असण्याची शक्यता असते आणि तो सापडला की बाकीचे सुटतात. बनवलेल्या चेहऱ्याच्या बाबतीत खरा माणूसच नाही, म्हणून पुढे येणारे प्रत्येक नाव चुकीचेच असते, आणि तपास थांबवायला काही कारणही मिळत नाही. मोर्चाच्या चित्रात दगडफेकीच्या शेजारी असा चेहरा बसवला आणि ते चित्र मूळ म्हणून कुणाच्या हाती लागले, तर जालन्यातल्या गर्दीबद्दल किनवटच्या एखाद्या पोराला उत्तर द्यावे लागेल. धूसर चेहरा कुणाला वाचवू शकला नाही तरी तो नवा आरोपी तयार करत नाही.

मग धूसर करण्याच्या ज्या दोषांची मी सुरुवातीला कबुली दिली त्यांचे काय? त्यांतला तांत्रिक दोष सुटण्यासारखा आहे, आणि तो चेहरा बदलून नव्हे, नीट झाकून सुटतो. सौम्य धूसरपणा वापरूच नये. चेहऱ्याची जागा एकाच सपाट रंगाने पूर्ण भरावी, कारण जिथे माहितीच उरली नाही तिथे कोणतेही नेटवर्क काही काढू शकत नाही. रंगाचा पट्टा वेगळ्या थरावर ठेवून फाइल पाठवू नये. थर एकत्र करून नव्याने जतन करावी. कॅमेऱ्याच्या फाइलमध्ये मूळ चित्राची छोटी प्रतिमा लपलेली असू शकते, तीही काढावी. आणि लहान गावाच्या बाबतीत चेहऱ्याबरोबर लुगड्याचा काठ, हातातली पाटी, दारावरचा क्रमांक यांचाही विचार करावा, कारण शेजारणीला ओळखायला चेहरा लागत नाही. चेहरे बदलणारे साधन या बाबतीतही मदत करत नाही. त्याने चेहऱ्याला हात लावला आणि काठ तसाच ठेवला.

प्रतिष्ठेचा दोष मात्र कोणत्याही पट्ट्याने सुटत नाही, आणि तो सुटतो असा आव मी आणणार नाही. मला एवढेच म्हणायचे आहे की तो संपादनाच्या टेबलावर सोडवण्याचा प्रश्न नाही, चित्र काढतानाचा आहे. दुष्काळाची चित्रे काढणाऱ्या चांगल्या छायाचित्रकारांना हे कुणी शिकवावे लागत नाही: विहिरीच्या काठावर ओळीने टेकलेले हंडे, दोरीवरचे हात, पाठमोऱ्या बायकांची रांग, उन्हाच्या विरुद्ध बाजूने घेतलेल्या काळ्या आकृत्या. अशा चित्रात कुणाचा चेहरा पुसावा लागत नाही आणि कुणाला आरोपीसारखे उभे करावे लागत नाही.

जिथे चेहरा असलेले मूळ चित्र काढणे भागच आहे, तिथे मूळ फाइल तशीच जपून ठेवण्याचा प्रश्न उरतो. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम 63 नुसार इलेक्ट्रॉनिक पुराव्याबरोबर जे प्रमाणपत्र द्यावे लागते त्यात फाइलचे हॅश मूल्य, म्हणजे तिच्यावरून गणिताने काढलेला ठसा, नोंदवायचे असते; फाइलमधला एक ठिपका बदलला तरी ते मूल्य बदलते. म्हणून टँकरच्या चित्राची मूळ फाइल हॅशसह जपलेली असेल, तर झाकलेली प्रत छापूनही उद्या न्यायालयात मूळ दाखवता येते. इथपर्यंत सगळे सरळ आहे. पण जपलेले मूळ मागताही येते, कारण तपासासाठी लागणारी वस्तू हजर करण्याचा आदेश देण्याची तरतूद भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 94 मध्ये आहे. टँकरच्या बाबतीत मूळ जपण्यात त्या बायकांचा फायदा आहे, कारण तक्रार त्यांची आहे. मोर्चाच्या बाबतीत तेच मूळ त्यांच्या पोरांविरुद्ध वापरले जाऊ शकते. या दोहोंना एकच नियम लावता येणार नाही. म्हणून मोर्चाला जाणाऱ्या छायाचित्रकाराने चेहरे दाखवायचे की पाठी, हे कॅमेरा डोळ्याला लावण्याआधीच ठरवावे. एकदा फाइल तयार झाली की ती झाकलेली असो वा बदललेली, मूळ कुणाच्या हाती जाईल हे ठरवण्याचा अधिकार त्याच्याकडे उरेलच असे नाही.